तेच आकडे, नवा पीएलसी आणि डोलणारा ड्रायर: ज्युरी टेस्ट व राउथ टेबल यांचे एक प्रकरण

फोंडा तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात गरम हवेचा ड्रायर आहे. टरफल फोडून काढलेले काजूगर त्यात ट्रेमध्ये पसरतात आणि साधारण 70 अंशांवर कित्येक तास सुकवतात, म्हणजे गरावरची तांबूस साल सुटी होते. तापमान घसरले तर साल चिकटून राहते, चढले तर गर करपतात आणि त्यांची प्रत उतरते. वर्षानुवर्षे या ड्रायरला एक जुना अॅनालॉग कंट्रोलर होता. तो बिघडल्यावर मालकांनी छोटा पीएलसी, म्हणजे यंत्रे चालवणारा प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर, बसवून घेतला. बसवणाऱ्याने जुन्या कंट्रोलरवरचेच आकडे नव्यात घातले: गेन 4.5, म्हणजे एका अंशाच्या चुकीला हीटर साडेचार टक्के, आणि इंटिग्रल टाइम 300 सेकंद.

दुसऱ्याच दिवशी फोरमनचा फोन आला. "साहेब, तापमान थांबतच नाही. साठावर येतं, परत ऐंशीकडे जातं, सहा मिनिटांत एक फेरी." सेन्सर बदलून झाला होता, पंख्याचा पट्टा तपासून झाला होता. पावसाळा असल्यामुळे सगळा दोष दमट हवेवर टाकूनही झाला होता. दमट हवेने गर सुकायला वेळ लागतो हे खरे, पण त्यामुळे तापमान घड्याळाच्या ठोक्यावर वरखाली होत नाही. ठरावीक कालावधीची फेरी दिसली की आधी कंट्रोल लूपवर संशय घ्यावा.

जुना कंट्रोलर हीटरला थायरिस्टरमधून सतत कमीजास्त वीज देत असे. नव्या जोडणीत थायरिस्टर काढून कॉन्टॅक्टर आला. कॉन्टॅक्टर दर दोन सेकंदांना खटखट करू लागला तर त्याचे पॉइंट लवकर जळतात, म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एक मिनिटाची खिडकी ठेवली: 40 टक्के हवे असेल तर मिनिटातले 24 सेकंद हीटर चालू, बाकी बंद. पीएलसी मिनिटाच्या सुरुवातीला तापमान वाचतो, हिशेब करतो, आणि तो हिशेब पुढच्या खिडकीत लागू होतो. म्हणजे सॅम्पलिंग 60 सेकंदांचे आणि वर एका सॅम्पलचा उशीर. प्रोग्रॅममध्ये यात चूक म्हणावी असे काही नव्हते. कॉन्टॅक्टर वाचवणे हा रास्त विचार होता. फक्त जुना लूप सतत चालणारा होता आणि नवा मिनिटामिनिटाने पाऊल टाकणारा झाला होता.

आधी ड्रायरचे मॉडेल काढले. लूप मॅन्युअलवर टाकून हीटर दहा टक्क्यांनी वाढवला. तापमान शेवटी सुमारे दहा अंश चढले, आणि त्यातली 63 टक्के चढण साडेचार मिनिटांत झाली. म्हणून ड्रायरचा स्वतःचा गेन 1 अंश प्रति टक्का, टाइम कॉन्स्टंट 270 सेकंद.

जुन्या कंट्रोलरचा हिशेब सोपा होता. पीआय कंट्रोलर आणि हा एका टाइम कॉन्स्टंटचा ड्रायर जोडला की कॅरॅक्टरिस्टिक पॉलिनॉमियल, म्हणजे जिच्या मुळांवरून लूप स्थिर की अस्थिर ते ठरते ती बहुपदी, अशी येते; Kc म्हणजे कंट्रोलरचा गेन:

```
270 s² + (1 + Kc) s + Kc/300
```

राउथ टेबल मुळे न काढता, सहगुणकांवरूनच स्थिरता सांगते: पहिला स्तंभ सगळा धन असला की लूप स्थिर. दुसऱ्या घाताची बहुपदी असल्यामुळे त्या स्तंभात तिचे तीन सहगुणकच उतरतात, आणि Kc शून्याहून मोठा असला की तिन्ही धन. कागदावर गेनला वरची मर्यादाच नाही, 4.5 काय, 45 ठेवला तरी टेबल "स्थिर" म्हणणार. प्रत्यक्षात थायरिस्टर, सेन्सरचे म्यान, हवेचा प्रवास यांमुळे कुठेतरी मर्यादा असतेच, पण 4.5 तिच्या बराच आत होता, म्हणून जुना लूप इतकी वर्षे निमूट चालला.

त्या वेळी माझ्याबरोबर इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षाची एक प्रशिक्षणार्थी होती. नव्या लूपची बहुपदी तिनेच मांडली. ड्रायर एका मिनिटात आधीच्या तापमानाचा e^(-60/270), म्हणजे जवळजवळ 0.8 भाग राखतो, उरलेला 0.2 भाग नव्या हीटर-टक्क्यातून येतो. पीआयमधला इंटिग्रलचा वाटा 60/300, म्हणजे 0.2. सॅम्पल घेत चालणाऱ्या लूपमध्ये s च्या जागी z येतो, z ने गुणणे म्हणजे एक सॅम्पल पुढे जाणे. एका सॅम्पलच्या उशिरामुळे आणखी एक z येतो. 0.2 × Kc ला k म्हटले, तर:

```
P(z) = z³ − 1.8 z² + (0.8 + 1.2k) z − k
```

आपला Kc 4.5, म्हणून k = 0.9.

तिने सवयीने या बहुपदीवर थेट राउथ टेबल मांडायला घेतले आणि थबकली. चिन्हे धन, ऋण, धन, ऋण. राउथच्या हिशेबाने हे k कितीही लहान केला तरी अस्थिर. "सर, मग हा लूप कधीच चालणार नाही?" टेबलचे उत्तर चुकलेले नव्हते, प्रश्न चुकला होता. राउथ टेबल मुळे उजव्या अर्ध्या प्रतलात आहेत का, एवढेच सांगते. या बहुपदीची तिन्ही मुळे खरोखरच उजवीकडे आहेत. पण z च्या प्रतलात डावे-उजवे काही ठरवत नाही. मूळ 0.8 वर असेल तर प्रत्येक सॅम्पलला चूक 0.8 पट होत विरते आणि लूप उत्तम चालतो, जरी 0.8 हा आकडा शून्याच्या उजवीकडे असला तरी. इथली सीमा म्हणजे एक त्रिज्येचे वर्तुळ.

ज्युरी टेस्ट नेमकी त्या वर्तुळासाठी आहे. राउथने आपली पद्धत 1877 मध्ये मांडली. वर्तुळाच्या आतल्या मुळांचा प्रश्न शूर आणि कोन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात गणिती बाजूने सोडवला होता, आणि बगदादमध्ये जन्मलेल्या एलियाहू ज्युरी यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला हाताने भरता येईल असे कोष्टकाचे रूप दिले. दोन्ही टेबलांची बांधणी वेगळी का दिसते, याचे कारण सीमेतच आहे. राउथची सीमा म्हणजे काल्पनिक अक्ष. तिथे s चे सम घात वास्तव होतात आणि विषम घात काल्पनिक, म्हणून राउथ सहगुणक एकाआड एक करून दोन ओळींत वाटतो. ज्युरीची सीमा वर्तुळ. तिथे z चा संयुग्मी आकडा म्हणजे 1/z, आणि z च्या जागी 1/z घालणे म्हणजे सहगुणक उलट क्रमाने लिहिणे. म्हणून ज्युरीची दुसरी ओळ पहिलीच, पण उलटी. हे एकदा लक्षात आले की टेबल पाठ करावे लागत नाही.

तिसऱ्या घातासाठी टेबल तीनच ओळींचे. k = 0.9 घातल्यावर:

```
         z⁰       z¹       z²       z³
ओळ 1   −0.90     1.88    −1.80     1.00
ओळ 2    1.00    −1.80     1.88    −0.90
ओळ 3   −0.19     0.108   −0.26
```

तिसरी ओळ पहिल्या दोन ओळींच्या दोन-दोन स्तंभांच्या निश्चयकांतून येते. डावीकडचा आकडा: (−0.9)² − 1² = −0.19. उजवीकडचा: (−0.9)(−1.8) − (1)(1.88) = 1.62 − 1.88 = −0.26. राउथमध्ये प्रत्येक ओळीत भागाकार असतो, इथे नाही.

अटी चार. पहिली, z = 1 ला बहुपदीची किंमत धन हवी: 1 − 1.8 + 1.88 − 0.9 = 0.18, ठीक. दुसरी, z = −1 ला घात विषम असल्याने किंमत ऋण हवी: −1 − 1.8 − 1.88 − 0.9 = −5.58, ठीक. तिसरी, शेवटचा सहगुणक पहिल्यापेक्षा मापाने लहान हवा: 0.9 एकाहून लहान, ठीक. इथवर सगळे पास, आणि घाईत असलेला माणूस इथेच वही मिटतो, कारण या तीन अटींना टेबल लागत नाही, बहुपदी पाहूनच त्या तपासता येतात. दुसऱ्या घाताच्या बहुपदीला तेवढ्या पुरतातही. तिसऱ्या घातापासून टेबल भरल्याशिवाय सुटका नाही. चौथी अट अशी: तिसऱ्या ओळीत डावा आकडा मापाने उजव्यापेक्षा मोठा हवा. 0.19 हा 0.26 पेक्षा मोठा नाही. लूप अस्थिर.

आकड्याऐवजी k तसाच ठेवून चौथी अट लिहिली तर मर्यादाच हाती येते. 1 − k² हे 0.8 − 0.6k पेक्षा मोठे हवे, म्हणजे k² − 0.6k − 0.2 शून्याहून लहान, आणि त्यातून k साधारण 0.838 पर्यंत. Kc च्या भाषेत 4.2. जुना कंट्रोलर 4.5 वर होता. सीमेपासून फक्त सात टक्के बाहेर, म्हणून ड्रायर भडकून न जाता डोलत राहिला.

सीमेवर मुळे कुठे असतात हेही त्याच बहुपदीतून कळते. दोन मुळे वर्तुळावर, तिसरे 0.838 वर, कारण तिन्हींचा गुणाकार k. बेरीज 1.8 असल्याने वर्तुळावरच्या जोडीचा कोन सुमारे 61 अंश निघतो. पूर्ण फेरीला 360 भागिले 61, म्हणजे 5.9 सॅम्पल, म्हणजे जवळजवळ सहा मिनिटे. फोरमनने घड्याळ लावून सांगितलेला आकडा तोच. कुठल्याही निदानात इतका थेट पुरावा क्वचित मिळतो, आणि मला तो सेन्सर बदलण्यापेक्षा जास्त पटतो. k = 0.9 ला डोलणे दर फेरीला वीस-बावीस टक्क्यांनी वाढायला हवे. पण हीटर शून्याच्या खाली आणि शंभराच्या वर जाऊ शकत नाही. 70 अंशांसाठी त्याला चाळीसेक टक्के लागतात, त्यामुळे खालच्या बाजूला तो लवकर शून्याला टेकतो, आणि डोलणे साधारण दहा अंशांवर अडते. अस्थिर लूप म्हणजे आलेख आकाशात गेलाच पाहिजे असे नाही. बहुतेक वेळा तो असाच मर्यादेत नाचताना दिसतो.

मुलीचा पुढचा प्रश्न योग्य होता: "मग राउथ इथे वापरताच येत नाही का?" येतो, दोन प्रकारे, आणि त्या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एक प्रकार असा की सॅम्पलिंगला उशीर समजायचे. एक मिनिटाचा हिशेबाचा उशीर आणि मिनिटभर आउटपुट धरून ठेवल्याने होणारा सरासरी अर्ध्या मिनिटाचा, मिळून 90 सेकंद. उशीर बहुपदीत बसत नाही, म्हणून त्याच्या जागी पाडे यांच्या पद्धतीचा पहिल्या घाताचा अपूर्णांक (1 − 45s)/(1 + 45s) घालतात. मग राउथ टेबल मर्यादा देते Kc = 6.1. म्हणजे हे टेबल 4.5 ला बिनदिक्कत पास करते, तेही बऱ्यापैकी अंतर राखून. 90 सेकंदांचा उशीर अपूर्णांकाविना तसाच घेऊन फ्रीक्वेन्सीने हिशेब केला तर मर्यादा 4.8 च्या आसपास येते; तीही 4.5 ला पास करते. खरी मर्यादा 4.2. सॅम्पलिंग टाइम कॉन्स्टंटच्या मानाने बारीक असेल तर ही अंदाजपद्धत चालते, पण इथे डोलण्याच्या एका फेरीत सहाही सॅम्पल बसत नाहीत. तिथे अंदाज नेमका चुकीच्या बाजूला चुकतो: "चालेल" म्हणतो आणि चालत नाही.

दुसरा प्रकार अचूक आहे. z च्या जागी (1 + w)/(1 − w) घालायचे. त्यामुळे वर्तुळाच्या आतला भाग w च्या डाव्या अर्ध्या प्रतलावर जसाच्या तसा उतरतो. सगळे (1 − w)³ ने गुणून आवरले की:

```
(3.6 + 2.2k) w³ + (4 − 4.2k) w² + (0.4 + 1.8k) w + 0.2k
```

आता राउथ. मधल्या दोन सहगुणकांचा गुणाकार टोकांच्या दोन सहगुणकांच्या गुणाकारापेक्षा मोठा हवा. गुणाकार करून आवरल्यावर 1.6 + 4.8k − 8k² शून्याहून मोठे, आणि आठने भागले की पुन्हा तीच ओळ: k² − 0.6k − 0.2 शून्याहून लहान. ज्युरीच्या चौथ्या अटीशी अक्षरशः जुळते. शेवटचा 0.2k म्हणजे ज्युरीची पहिली अट, P(1). पहिला 3.6 + 2.2k म्हणजे दुसरी अट, चिन्ह उलटलेला P(−1). w² चा सहगुणक धन हवा ही अट k = 0.952 पर्यंत चालते, म्हणजे खरी मर्यादा तिच्या आधीच येते. दोन टेबले एकाच गोष्टीकडे दोन दारांनी जातात. माझे मत विचाराल तर हाताने तिसऱ्या घातापर्यंत ज्युरी बरी, कारण w मधला विस्तार करताना चिन्हाची चूक हमखास होते. चौथ्या-पाचव्या घाताला, किंवा बाहेर नेमकी किती मुळे आहेत हे हवे असेल, तर w आणि राउथ. राउथच्या पहिल्या स्तंभात चिन्ह जितक्या वेळा बदलते तितकी मुळे बाहेर, हे सरळ मोजता येते. ज्युरीच्या साध्या अटी हो किंवा नाही एवढेच सांगतात.

हो-नाहीवर कारखाना चालत नाही, तिथे किती अंतर राखले हे लागते. त्यासाठी ज्युरीलाच थोडे वळवता येते. मुळे 0.9 त्रिज्येच्या वर्तुळात हवी असतील तर z च्या जागी 0.9v घालून v साठी टेस्ट करायची. Kc = 2, म्हणजे k = 0.4 घेतला तर सहगुणक 0.729, −1.458, 1.152, −0.4 असे येतात. पहिल्या तीन अटी सहज बसतात. चौथीत डावा आकडा 0.16 − 0.531 = −0.371, उजवा 0.583 − 0.840 = −0.257, म्हणजे डावा मोठा. पास. डोलणारी जोडी खरे तर 0.69 त्रिज्येवर बसते, त्यामुळे डोलणे पाच-सहा मिनिटांत विरते. 0.85 च्या जवळचे तिसरे मूळ संथ आहे, पण पीआयचे शून्य 0.83 वर असल्यामुळे त्याचा परिणाम फार जाणवत नाही.

त्या दिवशी Kc दोनवर आणला. खर्च काहीच नव्हता. इंटिग्रल टाइम मुद्दाम बदलला नाही. एका वेळी एकच आकडा हलवला की कारण कोणते ते कळते. अर्ध्या तासात तापमान 70 वर स्थिरावले. मालकांचे म्हणणे होते की जुन्या कंट्रोलरइतके चपळ हवे. दार उघडून ट्रे घातल्यावर तापमान परत चढायला आता जास्त वेळ लागत होता, आणि त्यांची तक्रार खोटी नव्हती. त्यांच्यासाठी खिडकी अर्धी करून हिशेब केला. 30 सेकंदांच्या सॅम्पलिंगला ड्रायर 0.895 भाग राखतो, इंटिग्रलचा वाटा 0.1 होतो, आणि चौथी अट k² − 0.795k − 0.105 शून्याहून लहान अशी येते. मर्यादा k = 0.91, म्हणजे Kc सुमारे 8.7. दुप्पट. जुना 4.5 त्यात आरामात बसतो. पण कॉन्टॅक्टरला तीस सेकंदांची खिडकी सोसणार नाही, त्यासाठी सॉलिड स्टेट रिले घ्यावा लागेल.

रिले येईपर्यंत एक हिशेब राहिला होता आणि तो करणे गरजेचे होते. वरचे सगळे आकडे भरलेल्या ट्रेंचे. ट्रे रिकामे असताना ड्रायर लवकर तापतो. तेव्हाची पुन्हा स्टेप टेस्ट घेतली, तर टाइम कॉन्स्टंट 180 सेकंदांच्या जवळ भरला, गेन तोच. मिनिटाच्या सॅम्पलिंगला आता भाग 0.717 आणि 0.283, चौथी अट k² − 0.517k − 0.283 शून्याहून लहान, मर्यादा k = 0.85. k ची मर्यादा थोडी वाढलेलीच दिसते, पण त्या k मागचा गुणक 0.2 वरून 0.283 झाला आहे, म्हणून Kc ची मर्यादा 4.2 वरून 3 वर येते. नुसता k पाहिला असता तर उलटाच निष्कर्ष निघाला असता. Kc = 2 तरीही आत राहतो. 30 सेकंदांच्या खिडकीला रिकाम्या ड्रायरची मर्यादा सहाच्या जरा खाली येते, आणि त्यात 4.5 बसतो तो तिसऱ्या भागापेक्षा कमी अंतर राखून, तेही सेन्सरच्या म्यानाचा उशीर या मॉडेलमध्ये धरलेलाच नसताना. म्हणून रिले बसल्यावरही 4.5 वर न जाता तीनवर ठेवायचे ठरले, आणि फोरमनना सांगितले की सकाळी ट्रे भरण्याआधी ड्रायर तापवताना आलेख बघा. डोलायला लागला तर तो आधी त्या वेळी लागेल.